टीका काढायची, लपवायची की तिला उत्तर द्यायचं? आमच्या शेतकरी कंपनीच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व संचालक,
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जि. यवतमाळ

सर्व भाऊंना आणि ताईंना नमस्कार.

मागच्या सोयाबीन खरेदीत कंपनीच्या फेसबुक पेजवर आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कास्तकारांनी जे लिहिलं, त्यातलं काही काढून टाकलं गेलं, काही लपवलं गेलं, दोघातिघांना ग्रुपमधून बाहेर काढलं गेलं आणि मोजक्यांना उत्तर मिळालं. कोणाच्या वाट्याला काय येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं, कारण तसा नियमच नाही. ज्याच्या हातात त्या दिवशी फोन असेल त्याची मर्जी हाच नियम झाला. पुढची खरेदी सुरू व्हायच्या आत मंडळाने हा नियम लेखी ठरवावा आणि गोदामाच्या फाटकावर लावावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ऑपरेटर नेमण्याआधी पेज आणि ग्रुप काही काळ मीच सांभाळत होतो. कोणतं बटन दाबलं की काय होतं, हे त्यामुळे मला जवळून माहीत आहे.

एकच टिप्पणी घेतो. खरेदीच्या ऐन गर्दीत एका सभासदाने सोयाबीनचा ओलावा मोजणाऱ्या यंत्राबद्दल पेजवर लिहिलं होतं: "सकायी मशीन चवदा सांगते, दुपारी अकरा. कास्तकारानं कोनतं खरं मानाव? इथं ज्याची ओयख त्याचा माल पास." तासाभरात ती लपवली गेली. संध्याकाळी तिचा फोटो शेजारच्या चार गावांच्या ग्रुपवर फिरत होता आणि त्याखाली कोणीतरी वाक्य जोडलं होतं की कंपनी आता तोंड बंद करते. ओलाव्याचा प्रश्न मागे पडला आणि लपवालपवीचीच चर्चा पुढे आली.

हे होणारच होतं. फेसबुक पेजवर टिप्पणी लपवली तरी ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना दिसतच राहते, फक्त बाकीच्यांना दिसत नाही. मोठ्या शहरातल्या एखाद्या दुकानाला हे चालून जात असेल, कारण तिथे गिऱ्हाइकाचे मित्र आणि दुकानाचे वाचक वेगळे असतात. आपल्याकडे पेज बघणारे बहुतेक सगळे त्याच पाचसहा गावांचे आहेत आणि एकमेकांच्या यादीत आहेत. त्यामुळे ज्यांना टिप्पणी दिसू नये असं ऑपरेटरला वाटलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना ती दिसतच होती. ती दिसली नाही ती दूरच्या माणसाला, ज्याचा आपल्या काट्याशी संबंधच नाही. शिवाय लपवलेल्या टिप्पणीला आपण दिलेलं उत्तरही बाकीच्या लोकांपर्यंत जात नाही. म्हणजे आरोप गावात राहिला आणि खुलासा करायची जागा आपणच बंद करून घेतली. लिहिणाऱ्याला आपली टिप्पणी लपवल्याचं पेजकडून कळवलंही जात नाही. त्याला ते कळतं ते चुलतभावाच्या फोनवर शोधताना, आणि तेव्हा राग दुप्पट होतो.

व्हॉट्सॲपची गत वेगळी आहे. तिथे ॲडमिनने दुसऱ्याचा मेसेज काढला की त्या जागी ॲडमिनच्या नावासकट तशी ओळ राहते. सगळा ग्रुप ती ओळ वाचतो आणि जो तो आपापल्या मनाने आत काय असेल ते भरतो. ज्यांनी आधी वाचलं ते सांगतात, आणि सांगताना मूळ मेसेजमध्ये भर पडते.

आता त्या टिप्पणीकडे शांतपणे बघू. तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घडलेली हकिकत आहे: दोन वेळा दोन आकडे आले. दुसरी साधा प्रश्न आहे: खरं कोणतं? तिसरा आरोप आहे: ओळखीवर माल पास होतो. ऑपरेटरने तिसरं वाक्य वाचलं आणि तिन्ही पुसली. पण पहिल्या दोन वाक्यांना उत्तर होतं, आणि ते कंपनीच्या बाजूचंच होतं.

ओलाव्याचं यंत्र दाण्यातून वीज कशी जाते त्यावरून आकडा काढतं. सकाळी उघड्या ट्रॉलीवर दव पडलेलं असतं आणि नमुना वरच्या थरातून घेतला तर आकडा चढतो. दुपारी तेच पोतं उन्हात राहिलं, वरचा थर सुकला की आकडा उतरतो, पण पोत्याच्या बुडाशी ओल तेवढीच असते. दाणा फार थंड किंवा फार गरम असेल तरी यंत्र फसतं. यंत्रावर पीक सोयाबीनऐवजी हरभरा निवडलेलं राहिलं तर आकडा साफ चुकतो, आणि गर्दीच्या दिवशी असं होऊ शकतं. म्हणून नमुना पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी बंबी घालून घ्यायचा, तो कालवायचा, सावलीत थोडा वेळ ठेवायचा आणि निदान तीनदा मोजून सरासरी धरायची. आपले ग्रेडर बहुतेक वेळा असंच करतात. पण ते करतात हे फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगितलेलं नाही.

मग उत्तर असं द्यायला हवं होतं: "भाऊ, दोन आकडे आले हे तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं. सकाळचा नमुना वरच्या थराचा असेल तर दवामुळे आकडा जास्त येतो. धरायचा आकडा म्हणजे तीन ठिकाणच्या नमुन्याची तीन मोजण्यांची सरासरी. तुमच्या टोकनाचा नंबर कळवा. उद्या सकाळी अकराच्या आत माल घेऊन या, तुमच्यासमोर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मोजू, आकडा कागदावर लिहून देऊ आणि इथेही टाकू. ओळखीवर माल पास झाल्याचं म्हणता, तर कोणत्या दिवशीचं ते कळवा. त्या दिवसाचं ओलाव्याचं रजिस्टर संचालक तपासतील आणि काय सापडलं ते येत्या शनिवारपर्यंत याच ठिकाणी लिहू." हे उत्तर लिहायला पाच मिनिटं लागतात. ते वाचणाऱ्या शंभर जणांना ओलावा कसा मोजतात हे कळलं असतं, आणि त्यातल्या काहींनी दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवर ताडपत्री टाकून आणली असती.

या उत्तरात आरोप टाळलेला नाही आणि मान्यही केलेला नाही. शनिवार हा शब्द मात्र पाळावा लागतो. रजिस्टर तपासून काही सापडलं नाही तर तसं, आणि सापडलं तर तसं लिहावं लागतं. "चौकशी करू" एवढंच लिहून सोडलेलं उत्तर लपवण्याच्या जवळचंच आहे. लोक ते ओळखतात.

काही टीका तर मंडळाच्या उपयोगाची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्के केली. बातमी मोबाईलवर आली आणि केंद्रावरचा फलक १२ च दाखवत असला की कास्तकार भांडणारच. त्याला वाटतं आपल्याला लुबाडतात, ग्रेडरला वाटतं हा उगाच वाद घालतो, आणि दोघांनाही लेखी आदेश कधी लागू होतो हे माहीत नसतं. अशा वेळी "आदेश अमुक तारखेला हाती आला, त्या दिवसापासून लागू" अशी तारखेची एक ओळ पुरते. उशिरा चुकारे, कमी बारदाना, टोकनाच्या तारखा, काट्याचा दाखला या सगळ्यांचं तसंच आहे. काट्याबद्दल कोणी बोललं तर वैधमापन विभागाच्या पडताळणी दाखल्याचा फोटो टाकावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते, त्यामुळे दाखल्याची मुदत चालू दिसली की बोलणं तिथेच संपतं. ती दिसत नसेल तर टीका करणारा बरोबर आहे आणि टिप्पणीच्या आधी काटा दुरुस्त करावा लागेल.

म्हणजे काहीच काढू नये असं माझं म्हणणं नाही. जातीवरून शिवी असेल तर ती एक मिनिटही ठेवू नये. मागे एका ताईंबद्दल, त्या संचालक झाल्या म्हणून, जे लिहिलं गेलं ते दिवसभर तसंच राहिलं आणि त्याच दिवशी ओलाव्याची तक्रार मात्र तासात लपवली गेली. याचं मला आजही वाईट वाटतं. मारण्याची धमकी, सरकारी योजनेच्या नावाने येणाऱ्या ॲपच्या फाइली, कर्जाच्या लिंका, हे सगळं दिसताक्षणी काढावं. अशा ॲपने लोकांची खाती रिकामी होतात, तिथे चर्चेची वाट बघू नये. मात्र काढण्याआधी फोटो घेऊन ठेवावा, पोलिसांत जायची वेळ आली तर लागतो.

लपवण्याचं बटन खरं कामाला येतं ते एका वेगळ्याच प्रसंगी. चुकारा आला नाही म्हणून कास्तकार पुरावा म्हणून बँकेच्या पासबुकाचा आणि आधार कार्डाचा फोटो टिप्पणीतच टाकतो. तो चिडलेला असतो, त्याला धोका दिसत नाही. पेजला दुसऱ्याची टिप्पणी दुरुस्त करता येत नाही, म्हणून ती लगेच लपवावी, त्याला फोन करावा, आकडे झाकून पुन्हा टाकायला सांगावं आणि मूळ तक्रारीचं उत्तर पेजवर वेगळं द्यावं: "एका सभासदाची चुकाऱ्याची तक्रार आली आहे, त्यात खाते क्रमांक होता म्हणून ती झाकली, तक्रार नोंदवली आहे." इथे लपवणं त्याच्याच भल्याचं आहे आणि त्याला ते सांगितलेलंही आहे.

सगळ्यांत अवघड जागा आहे ती नाव घेऊन केलेल्या आरोपाची. "अमक्या हमालाने पोत्यामागे पैसे मागितले" असं कोणी लिहिलं तर काय करावं? संचालकाबद्दल, त्याच्या कंपनीतल्या कामाबद्दल असं लिहिलं तर मी म्हणेन की ते राहू द्यावं आणि संचालकाने स्वतः उत्तर द्यावं. त्यासाठीच सभासदांनी त्याला निवडलं आहे. हमालाची गोष्ट तशी नाही. त्याच्याकडे उत्तर द्यायला पेज नाही, बहुतेक वेळा फेसबुकही नाही, आणि आरोप खोटा निघाला तरी पुढच्या हंगामात त्याला काम मिळत नाही. म्हणून अशी टिप्पणी लपवावी, पण त्याच वेळी पेजवर लिहावं की गोदामातल्या एका कामगाराविषयी तक्रार आली आहे, नाव असल्याने ती झाकली आहे, चौकशी अमुक दोघे करत आहेत आणि निकाल अमुक तारखेला इथेच सांगू. चौकशी करणाऱ्यांत त्या टोळीचा मुकादम नसावा. तक्रार करणाऱ्यालाही फोनवर हेच सांगावं, म्हणजे त्याला वाटणार नाही की त्याचं बोलणं गिळलं.

मंडळातले काही जण म्हणतात की लोक काही लिहितील आणि केस ॲडमिनवर होईल, म्हणून काढलेलं बरं. ही भीती खरी असली तरी तिचा आधार कच्चा आहे. आपल्याच विदर्भातल्या, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. ग्रुपमधल्या सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्याच्या कारणाने ॲडमिनला गुन्ह्यात धरता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत दिसावा लागतो, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल व्हॉट्सॲप ग्रुपपुरता आहे, आणि बेकायदा मजकूर लक्षात आल्यावर तो ठेवून द्यावा असा त्याचा अर्थ नाही. पण टीकेची टिप्पणी ठेवली म्हणून ॲडमिन तुरुंगात जाईल ही समजूत त्याने दूर व्हावी. बदनामीच्या बाबतीतही तसंच आहे. १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे आणि त्यात सद्भावनेने केलेल्या टीकेसाठी अपवाद लिहिलेले आहेत. "ओलावा चुकीचा मोजता" हे वाक्य त्या कलमाच्या भीतीने पुसण्यासारखं नाही.

दुसरा मुद्दा असा येतो की कंपनी खासगी आहे, पेज आपलं आहे, हवं ते ठेवू. कायद्याने ते खरं असेल. पण ही कंपनी कोणा एका शेठची नाही. उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, माणसागणिक एकच मत. ज्याची टिप्पणी लपवली तो तितकाच मालक आहे जितके अध्यक्ष. वार्षिक सभेत उठून तो हेच बोलला असता तर त्याच्या हातातला माईक कोणी काढून घेतला असता का?

दोन गोष्टी आजच बदलता येतील. पेजच्या सेटिंगमध्ये कोणीतरी शब्दांची यादी टाकली आहे, तो शब्द आला की टिप्पणी आपोआप लपते. त्यात "चोर" हा शब्द आहे. त्यामुळे "रात्री चोर आले, गोदामामागची तार तोडली" अशी सूचना देणाऱ्या सभासदाची टिप्पणी त्याच्या मित्रांखेरीज कोणाला दिसलीच नाही. उलट खऱ्या शिव्या लोक इंग्रजी अक्षरांत किंवा वऱ्हाडी वळणाने लिहितात, त्या यादीतून सुटतात. यादी ठेवायचीच तर जातिवाचक आणि अश्लील शब्दांपुरती ठेवावी आणि आपोआप लपलेल्या टिप्पण्या रोज एकदा उघडून बघाव्यात. दुसरं, खरेदी सुरू झाली की ग्रुप "फक्त ॲडमिन लिहू शकतात" असा केला जातो. टोकनाच्या सूचना गप्पांत हरवू नयेत हे कारण मला पटतं. मग सूचनांचा ग्रुप वेगळा करावा आणि बोलण्याचा ग्रुप उघडा ठेवावा. एकच ग्रुप बंद केल्यावर तेच बोलणं अडत्याच्या ग्रुपवर गेलं, जिथे आपलं उत्तर देणारा कोणी नव्हता.

खोट्या नावाच्या खात्यांबद्दल मंडळात नेहमी वाद होतो. ती व्यापाऱ्याची माणसं असतील, मला माहीत नाही. पण त्या खात्याने "काटा शेवटचा कधी तपासला?" असं विचारलं असेल तर प्रश्न खराच आहे आणि तो वाचणारे सभासदही खरे आहेत. एकदा नीट उत्तर द्यावं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला तर आधीच्या उत्तराकडे बोट दाखवावं आणि पुढे वेळ घालवू नये.

आता नियमाचा मसुदा. मंडळाने यात हवा तो बदल करावा, पण मजकूर एवढाच लहान आणि असाच साधा ठेवावा:

"कंपनीच्या कामावरची टीका, कडक शब्दांत असली तरी, काढली किंवा लपवली जाणार नाही. खरेदीच्या काळात तिला ४८ तासांत आणि एरवी सात दिवसांत उत्तर दिलं जाईल. जातिवाचक किंवा स्त्रियांचा अपमान करणारं लिखाण, धमकी, फसव्या लिंका आणि जाहिराती काढल्या जातील. कोणाचा खाते क्रमांक, आधार किंवा फोन नंबर असेल, अथवा कामगाराचं नाव घेऊन आरोप असेल, तर टिप्पणी झाकली जाईल आणि तसं तिथेच जाहीर केलं जाईल. काढण्याचा किंवा झाकण्याचा निर्णय दोन जण मिळून घेतील, ज्याच्यावर टीका आहे तो त्यात नसेल. प्रत्येक निर्णय कारणासह नोंदवहीत लिहिला जाईल आणि नोंदवही कार्यालयात कोणत्याही सभासदाला बघता येईल. निर्णय पटला नाही तर सभासदाने लेखी अर्ज द्यावा, पुढच्या मंडळ बैठकीत तो घेतला जाईल. कोणाला ग्रुपमधून काढण्याआधी एकदा लेखी सूचना दिली जाईल."

४८ तास मुद्दाम लिहिले. हंगामात फाटकावर ट्रॉल्यांची रांग असते, ऑपरेटर एकच असतो आणि पोर्टल मध्येच बंद पडतं. २४ तासांचं वचन देऊन ते तिसऱ्याच दिवशी मोडण्यापेक्षा ४८ चं पाळलेलं बरं. तेवढ्यात पूर्ण उत्तर तयार नसेल तर "पाहिलं, गुरुवारी सांगतो" हेही उत्तर धरावं, गुरुवार पाळला तर. ही जबाबदारी ऑपरेटरच्या एकट्याच्या गळ्यात घालू नये. पगारी पोरगा संचालकाविरुद्धची टिप्पणी ठेवायला घाबरणारच, आणि घाबरला तर दोष त्याचा नाही. एक संचालक आणि मंडळाबाहेरचा एक सभासद असे दोघे हंगामापुरते नेमावेत. नोंदवहीसाठी शंभर पानी वही पुरते: तारीख, काय लिहिलं होतं, काय केलं, का केलं, दोघांच्या सह्या. लिहून सही करायची आहे म्हटल्यावर माणूस बटन दाबण्याआधी थांबतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

हा मजकूर पेजवर वरच्या जागी अडकवावा, ग्रुपच्या माहितीत टाकावा आणि फलकावर छापून काट्याजवळ लावावा, कारण आपल्या निम्म्या सभासदांचं फेसबुक त्यांची मुलं बघतात. वार्षिक सभेत अध्यक्षांनी तो एकदा मोठ्याने वाचावा आणि वर्षभरात किती टिप्पण्या काढल्या, किती झाकल्या, हे हिशोबासोबत सांगावं.

मागच्या हंगामात लपवलेल्या टिप्पण्या पेजवर अजून आहेत, त्या पुन्हा उघडता येतात. माझी मागणी आहे की येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, नियम मंजूर करावा, ओलाव्याची ती टिप्पणी उघडावी आणि तिच्याखाली, उशिरा का होईना, वर सुचवलेलं उत्तर त्या दिवसाच्या रजिस्टरच्या आकड्यांसह लिहावं. ज्या सभासदांना ग्रुपमधून काढलं त्यांना फोन करून परत घ्यावं. हे पत्र मी पेजवरही टाकतो आहे. त्याखाली मंडळाने उत्तर लिहिलं तर बैठकीत मला वेगळी वेळ देण्याची गरज नाही.

आपला,
कंपनीचा एक सभासद